फ्रेमची अर्थिंग आणि सिस्टिमची अर्थिंग: सोलापुरातल्या एका शेडवरून मागे जाताना

अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका यंत्रमागाच्या शेडवर 18 सोलर पॅनेल आहेत, प्रत्येकी 550 वॅटची. नऊ-नऊच्या दोन माळा, खाली थ्री-फेज इन्व्हर्टर. दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं. मग एप्रिलमध्ये पॅनेल धुणाऱ्या पोराने ओल्या हाताने फ्रेम धरली आणि तो ‘करंट लागतोय’ म्हणत पत्र्यावरून खालीच आला. मालकांनी इन्व्हर्टर बघितला तर हिरवा दिवा, एकही एरर नाही. म्हणाले, ‘अण्णा, अर्थिंग तर केलेलीच आहे, तीन खड्डे आहेत.’

खड्डे होते, खरंच होते. झाकणांवर ऑइल पेंटने लिहिलेलं: LA, AC, DC. वीज पडण्याच्या बंदोबस्ताचा एक, इन्व्हर्टरच्या बाजूचा एक आणि पॅनेलच्या बाजूचा एक. या तिसऱ्या झाकणावरच्या दोन अक्षरांनी जेवढा घोळ घातलाय तेवढा दुसऱ्या कशाने घातला नसेल. ‘डीसी अर्थिंग’ म्हटलं की नव्या मिस्त्रीला वाटतं, डीसीची निगेटिव्ह वायर जमिनीत द्यायची. प्रत्यक्षात त्या खड्ड्याला जोडायची असते पॅनेलची फ्रेम आणि ती ज्यावर बसते ती रेल, म्हणजे ज्यातून कधीच वीज वाहू नये असं धातू. अर्थिंग या एकाच शब्दाखाली दोन वेगळी कामं दडली आहेत आणि त्यांची सरमिसळ सोलरच्या कितीतरी आधीची आहे.

पहिलं काम म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांपैकी एक तार मुद्दाम जमिनीला बांधणे. आपल्या गल्लीतल्या डीपीवर न्यूट्रल जमिनीत उतरवलेला असतो, ते हे. याला सिस्टिम अर्थिंग म्हणतात. ते करावं की नाही यावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत मोठा वाद झाला होता. तार जमिनीला बांधली की गळती आणि आगीचा धोका वाढेल, असं एका बाजूचं म्हणणं होतं. दुसरी बाजू म्हणे, ट्रान्सफॉर्मरमध्ये वरच्या दाबाची वीज खालच्या वाइंडिंगवर उतरली तर घराघरांत हजारो व्होल्ट शिरतील, तेव्हा खालची बाजू जमिनीला बांधलेलीच बरी. 1913 साली तिथल्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने घरगुती दाबाच्या वायरिंगसाठी ही अर्थिंग सक्तीची केली आणि वाद मिटला.

दुसरं काम मोटारीच्या बॉडीचं, पंख्याच्या, मागाच्या सांगाड्याचं. तिथे वीज असायलाच नको. चुकून आली तर माणसाच्या आधी जमिनीने ती घ्यावी. हे फ्रेम अर्थिंग. आपल्याकडे 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतला 61 वा नियम दोन्ही कामं एकाखाली एक सांगायचा: न्यूट्रलला जमिनीशी दोन स्वतंत्र जोडण्या आणि मोटार-जनरेटरच्या फ्रेमलाही दोन स्वतंत्र जोडण्या. वायरमनच्या पिढ्या हाच नियम पाठ करून घडल्या. ‘दोन अर्थिंग’ लक्षात राहिलं. कोणाच्या दोन आणि कशासाठी, हे मागे पडलं असावं, असं माझं मत.

खरं तर आंतरराष्ट्रीय मानकांनी हा फरक अक्षरांतच बांधून ठेवला आहे. TT, TN, IT या जोड्यांतलं पहिलं अक्षर विजेच्या उगमाबद्दल असतं: T म्हणजे त्याची एक तार जमिनीला बांधलेली, I म्हणजे मोकळी. दुसरं अक्षर यंत्राच्या बॉडीबद्दल. IT मध्ये पहिलं मोकळं आणि दुसरं मात्र बांधलेलं. आपल्या शेडवरच्या पॅनेलच्या माळा नेमक्या अशाच आहेत: ना पॉझिटिव्ह जमिनीला, ना निगेटिव्ह, पण फ्रेम जमिनीला.

सोलर नेहमी असं नव्हतं. अमेरिकेच्या कोडमध्ये 1984 साली सोलरचा वेगळा भाग आला तेव्हा 50 व्होल्टच्या वरच्या माळांची एक तार, बहुधा निगेटिव्ह, जमिनीला बांधायची असा जुन्याच घरगुती वायरिंगच्या चालीचा नियम होता. गळतीवर नजर ठेवायला त्या जोडणीत एक लहान फ्यूज बसवत. युरोपात मात्र ट्रान्सफॉर्मर नसलेले, हलके आणि कमी वीज खाणारे इन्व्हर्टर रुळले. त्यांत डीसी आणि एसी बाजूंमध्ये विजेची भिंतच नसते. एसी बाजूचा न्यूट्रल डीपीवर आधीच जमिनीत आहे. तिकडून तुम्ही डीसीची निगेटिव्हही जमिनीत दिलीत की जमिनीतूनच शॉर्ट होतो. म्हणून तिथे डीसी मोकळी ठेवून इन्व्हर्टरलाच राखणदार केलं: सुरू होण्याआधी तो दोन्ही तारांचं जमिनीपासूनचं इन्सुलेशन मोजतो आणि चालू असताना गळती बघत राहतो.

जुन्या पद्धतीची खोट 2009 साली कॅलिफोर्नियात बेकर्सफील्डला दिसली. एका मोठ्या दुकानाच्या छतावरच्या सोलरला आग लागली. जमिनीला बांधलेल्या तारेलाच कुठेतरी फ्रेमशी शॉर्ट झाला होता. तार आणि फ्रेम दोन्ही जमिनीलाच, त्यामुळे दोघांच्या दाबात फरक जवळपास नाही, फ्यूजमधून जाणारा करंट किरकोळ आणि राखणदार झोपलेला. पुढे दुसऱ्या तारेला शॉर्ट झाला तेव्हा फ्यूज उडाला खरा, पण पहिल्या शॉर्टमधून करंट फिरतच राहिला. म्हणजे सुरक्षेसाठी केलेली सिस्टिम अर्थिंगच राखणदाराच्या डोळ्यावरची पट्टी ठरली. 2005 पासून कोडने मोकळ्या डीसीला परवानगी दिलेलीच होती, 2017 च्या आवृत्तीत हा भागच नव्याने मांडला गेला. या सगळ्या उलथापालथीत फ्रेमची अर्थिंग मात्र कधीच सुटली नाही.

आता आपल्या शेडकडे. डीसीच्या खड्ड्यातून आलेली पट्टी रेलच्या एका टोकाला बोल्टने जोडलेली होती. पॅनेल त्या रेलवर क्लॅम्पने घट्ट आवळलेले. अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम, जोडलेलंच दिसतं. पण फ्रेम आणि रेल दोन्ही अॅनोडाइज केलेले असतात, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडचा काही मायक्रॉनचा कडक थर. हा थर गंज रोखतो आणि वीजही रोखतो. मल्टिमीटरचं एक टोक रेलवर जिथे पट्टी घासून लावली होती तिथे आणि दुसरं फ्रेमच्या खरवडलेल्या जागी ठेवलं, तर 18 पैकी 13 पॅनेलवर मीटरने ‘ओ.एल.’ दाखवलं, म्हणजे रस्ताच नाही. दोन रेल जिथे जॉइंटरने जोडल्या होत्या तिथेही तेच.

थोडक्यात अर्थिंग रेलच्या पहिल्या तुकड्याची होती. फ्रेम अधांतरी. आणि अधांतरी फ्रेमला माळेतली वायर चिकटली तरी इन्व्हर्टरला ते कळणार कसं? तो जमिनीकडून मोजतो. फ्रेमच जमिनीला नाही, तर तिला लागलेला शॉर्टही त्याच्या हिशेबात नाही. हिरवा दिवा खोटं बोलत नव्हता, त्याला तेवढंच दिसत होतं.

बांधणीला दीड दिवस गेला. मिड क्लॅम्पच्या खाली स्टेनलेसचे दातेरी वॉशर, म्हणजे आवळताना दात थर फोडून दोन्हीकडच्या अॅल्युमिनियमपर्यंत जातात. हे वॉशर एकदाच वापरायचे. पॅनेल काढून परत बसवलं तर नवे, कारण जुने दात बोथट होतात. रेलच्या प्रत्येक जॉइंटवर हिरव्या-पिवळ्या वायरचा जंपर, टिनचा मुलामा असलेल्या लगने. उघडं तांबं अॅल्युमिनियमवर कधीच आवळायचं नाही. एका पावसाळ्यात त्या जागी पांढरी भुकटी धरते आणि जोड सैल होतो. रेल हाच कणा ठेवल्याचा फायदा असा की उद्या मधलं एक पॅनेल दुरुस्तीला उतरवलं तरी बाकीच्या फ्रेमची अर्थिंग तुटत नाही. फ्रेममधून फ्रेममध्ये वायर ओवत गेलात तर ती तुटते. शेवटी प्रत्येक फ्रेम ते रेल 0.1 ओहमच्या आत आलं, ही मर्यादा पॅनेल आणि माउंटिंगच्या मानकांतलीच आहे. ती साध्या मल्टिमीटरवर धड दिसत नाही, मिलीओहम मोजणारं मीटर लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांचा फोन: ‘तुम्ही अर्थिंग केली आणि इन्व्हर्टरच बंद पडला!’ स्क्रीनवर इन्सुलेशनचा एरर. हा फोन येणार याची मला अर्धी खात्री होती. लपलेला शॉर्ट आता जमिनीला लागला होता, म्हणून दिसला.

शोधायचा कसा, याला एक साधा हिशेब आहे. इन्व्हर्टरचा डीसी स्विच बंद करून पहिली माळ मोकळी केली. 1000 व्होल्ट डीसी झेपणारं मीटर आणि हातमोजे घेऊनच हे करायचं, कारण ऊन आहे तोवर पॅनेल बंद होत नाही. दोन टोकांत 405 व्होल्ट, म्हणजे त्या उन्हात पॅनेलमागे 45. मग निगेटिव्ह ते अर्थ मोजलं: 270. पॉझिटिव्ह ते अर्थ: 135. धडधाकट मोकळ्या माळेत हे आकडे टिकत नाहीत, मीटर लावताच घसरत शून्याकडे जातात. इथे ठाम उभे होते. 270 ला 45 ने भागलं की सहा. निगेटिव्हकडून सहा पॅनेल मोजायची, शॉर्ट सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये.

सातवं पॅनेल उचललं. दोघांना जोडणारी वायर बसवताना कोणीतरी फ्रेम आणि रेलच्या मध्ये चेंगरली होती. दोन उन्हाळ्यांत इन्सुलेशन चिरलं आणि तांबं फ्रेमच्या आतल्या कडेला टेकलेलं. पोराला करंट लागला तो ह्याच फ्रेमचा.

इथे फ्यूजच्या भरवशावर राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट. इन्व्हर्टर बंद असताना मोकळ्या डीसीत पहिला शॉर्ट जमिनीला लागला तरी परतीचा रस्ता नसतो, म्हणून मोठा करंट वाहतच नाही. आणि पॅनेलचा शॉर्ट सर्किट करंट तसाही चालू करंटपेक्षा थोडासाच जास्त असतो. फ्यूज उडवायला फ्रेम बांधत नाहीत. सगळं धातू एकाच दाबावर राहावं आणि राखणदाराला शॉर्ट दिसावा, एवढ्यासाठी बांधतात. जमिनीचा खड्डा किती ओहमचा, हा प्रश्न त्यानंतरचा. सोलापूरची काळी माती मे महिन्यात भेगाळते, खाली मुरूम आणि कातळ, तिथे खड्ड्याचा आकडा वर जातोच. तरी फ्रेम-रेलची बांधणी पक्की असेल तर माणूस ज्या दोन धातूंना एकदम हात लावेल त्यांच्यात फरक राहत नाही.

तीन खड्डे आतून जीआय पट्टीने एकमेकांना जोडून घेतले, नाहीतर वीज पडली की त्यांच्यातच हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो. वायर बदलल्यावर इन्व्हर्टर सुरू झाला. जाताना आमच्या पोराने ऑइल पेंटचा डबा मागितला आणि तिसऱ्या झाकणावर ‘DC’ च्या खाली लिहिलं: ‘फक्त फ्रेम. निगेटिव्ह नाही.’