‘बट’, ‘सो’ आणि स्वल्पविराम

“इंग्रजीत ‘बट’ किंवा ‘सो’ आलं की आधी स्वल्पविराम द्यायचाच ना?”

नाही. दोन्ही बाजूंना स्वतःचा कर्ता आणि क्रियापद असेल तरच द्या: ‘इट रेन्ड, बट वी प्लेड’. ‘स्मॉल बट स्ट्राँग’मध्ये नको.

‘सो’ जास्त फसवतो. त्याचं उपवाक्य उचलून सुरुवातीला ठेवून पाहा. ‘इट रेन्ड, सो वी लेफ्ट’चं ‘सो वी लेफ्ट, इट रेन्ड’ केलं की अर्थच मोडतो. म्हणून हा प्रधानत्वबोधक, म्हणजे दोन समान दर्जाची वाक्यं जोडणारा; स्वल्पविराम हवा. ‘बिकॉज इट रेन्ड, वी लेफ्ट’ मात्र बिनघोर चालतं, ‘बिकॉज’ गौणत्वबोधक, म्हणजे मुख्य वाक्यावर अवलंबून असलेलं उपवाक्य जोडणारा.

आता ‘आय लेफ्ट सो आय कुड स्लीप’ घ्या. इथे हेतू सांगितलाय, ‘सो’नंतर ‘दॅट’ सहज बसतो आणि ‘सो दॅट आय कुड स्लीप, आय लेफ्ट’ही चालतं. हा ‘सो’ गौणत्वबोधक, त्याच्याआधी स्वल्पविराम नाही.