थीसिस बाइंडिंगला द्यायच्या आधी: दोन चॅप्टरमधला सांधा कसा लिहायचा

आमच्याकडे पीएचडीचे प्रबंध टायपिंगला, भाषा तपासायला आणि बाइंडिंगला येतात. बहुतेकांचे चॅप्टर सुटेसुटे बघितले तर चांगले असतात, पण सलग वाचायला घेतलं की एकाच लेखकाचे पाच वेगळे लेख एका पुठ्ठ्यात बांधल्यासारखे वाटतात. याचं कारण बहुतेक वेळा एकाच जागी सापडतं, चॅप्टरच्या शेवटच्या परिच्छेदात आणि पुढच्याच्या पहिल्या परिच्छेदात. तेवढी जागा तुम्ही स्वतः आधी नीट केलीत तर आमचं काम कमी होतं आणि तुमचे पैसेही वाचतात, म्हणून हे पत्रक.

आमच्याकडे येणाऱ्या फायलींमध्ये सगळ्यात जास्त वेळा दिसणारा शेवट असा असतो: "अशा प्रकारे या प्रकरणात १९७२ च्या दुष्काळातील मदतकार्याचा आढावा घेतला. पुढील प्रकरणात रोजगार हमी कायद्याचा अभ्यास केला आहे." यात चूक काही नाही, पण वाचणाऱ्याला नवीन काहीच कळत नाही, हे तर अनुक्रमणिकेतच लिहिलंय. आढावा घेतला, मग हाती काय लागलं? आणि दुष्काळानंतर कायद्याकडेच का जायचं, मजुरीच्या दरांकडे का नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं जिथे मिळतात तो खरा सांधा.

हेच उदाहरण पुढे नेऊ (प्रबंध आम्ही या पत्रकापुरता कल्पिलाय, कुणा ग्राहकाचा नाही). समजा विषय आहे, महाराष्ट्रात दुष्काळी मदतीपासून कामाच्या हक्कापर्यंतचा प्रवास. प्रकरण ३ दुष्काळी कामांवर, प्रकरण ४ १९७७ च्या रोजगार हमी कायद्यावर, प्रकरण ५ दोन-तीन गावांतल्या मुलाखतींवर. लिहायला बसायच्या आधी एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक प्रकरणासाठी एकच वाक्य लिहा, पण विषय नाही लिहायचा, उत्तर लिहायचं. "दुष्काळी कामे" हा विषय झाला. "दुष्काळात काम मिळालं ते सरकारने दिलं म्हणून, मजुराला ते मागायचा हक्क नव्हता" हे उत्तर झालं. मग चौथ्याचं उत्तर: "कायद्याने तो हक्क दिला आणि अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्त्याची तरतूद केली." पाचव्याचं: "गावात अर्जाची तारीखच नोंदली जात नाही, मग १५ दिवस मोजणार कुठून."

आता या वाक्यांच्या मध्ये एकेक शब्द टाकून बघा: पण, म्हणून, तरीही. तिसऱ्या आणि चौथ्यामध्ये "म्हणून" बसतो, चौथ्या-पाचव्यात "पण" बसतो, म्हणजे क्रम बरोबर आहे. जिथे फक्त "आणि" किंवा "तसेच" बसतं तिथे थांबा. ती दोन प्रकरणं उलटसुलट लावली तरी फरक पडत नाही असा त्याचा अर्थ होतो, तिथे तुम्ही कितीही छान वाक्य लिहिलं तरी सांधा बसत नाही, तो प्रश्न मांडणीचा आहे आणि तो गाईडसोबत बसूनच सोडवावा लागतो.

शब्द बसला की परिच्छेद लिहायला सोपा जातो. प्रकरण ३ चा शेवट आता असा होईल:

"१९७२-७३ मध्ये कामे निघाली ती मदत म्हणून. ती कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची हे प्रशासन ठरवत होते, मजूर नाही. मात्र मदतीचे रूपांतर हक्कात कसे झाले, याचे उत्तर दुष्काळाच्या नोंदींत मिळत नाही. ते कायद्याच्या मजकुरात शोधावे लागते."

आणि प्रकरण ४ ची सुरुवात:

"काम कधी थांबवायचे हे ठरवण्याचा अधिकार प्रशासनाकडेच राहिला असता, तर हमी या शब्दाला अर्थ उरला नसता. १९७७ च्या कायद्याने हा अधिकार कसा बांधून घातला, ते या प्रकरणात तपासले आहे."

बघा, दुसऱ्या उताऱ्यात मागचं सगळं परत सांगितलेलं नाही, फक्त एक धागा उचललाय, काम कोण थांबवतं हा, आणि तोच पुढे ओढलाय. लोक इथे हमखास एक चूक करतात, शेवटी लिहिलेला परिच्छेदच थोडे शब्द फिरवून सुरुवातीला परत टाकतात. एका बाजूला निकाल आणि राहिलेला प्रश्न, दुसऱ्या बाजूला तो प्रश्न हातात घेणं, एवढीच वाटणी ठेवा. शंभर-दीडशे शब्दांच्या वर जायची गरज आम्हाला तरी क्वचितच दिसलीय. आणि हे सगळे चॅप्टर लिहून झाल्यावर करा, आधी केलंत तर मधे निष्कर्ष बदलतो आणि सांधा जुन्याच निष्कर्षाचा राहतो. पहिल्या प्रकरणातली "प्रकरणांची मांडणी" पण त्याच दिवशी परत लिहा, ती बऱ्याचदा मूळ आराखड्यातून जशीच्या तशी आलेली असते.

सांधे चांगले असूनही प्रबंध तुटक वाटतो त्याचं दुसरं कारण शब्द बदलणं. तिसऱ्या प्रकरणात "मजूर", चौथ्यात "कामगार", पाचव्यात "लाभार्थी". शाळेत शिकवलेलं असतं की तोच शब्द परत वापरू नये, पण इथे त्याने घात होतो, कारण हक्क असलेल्या माणसाला "लाभार्थी" म्हटलं की तुमचा पूर्ण मुद्दाच उलटतो आणि व्हायवात नेमकं यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. मुख्य चार-पाच शब्द ठरवा आणि फाईलमध्ये शोधून एकसारखे करा. मजकूर युनिकोडमध्ये असेल तर `Ctrl+F` ने पाच मिनिटांचं काम आहे, अर्धा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल तर शोध त्या अर्ध्यात काहीच दाखवत नाही आणि तुम्हाला वाटतं सगळं नीट आहे. अशी फाईल आधी युनिकोड करून घ्या.

"मागे पाहिल्याप्रमाणे" असं मोघम लिहू नका, काय पाहिलं ते लिहा आणि क्रमांक द्या: "अर्जाची तारीख का महत्त्वाची आहे ते ४.३ मध्ये आले आहे." हे क्रमांक हाताने टाइप करू नका. हेडिंगला वर्डची हेडिंग स्टाईल आणि आपोआप येणारे क्रमांक लावा, मग `References` टॅबमधल्या `Cross-reference` ने क्रमांक घाला, म्हणजे एखादा भाग मागेपुढे केला तरी `Ctrl+A` आणि मग `F9` दाबलं की आकडे बदलतात. एखादं हेडिंग पुसलं गेलं असेल तर त्या जागी `Error! Reference source not found.` असं उमटतं, प्रिंटच्या आधी हे शब्द फाईलमध्ये जरूर शोधा, छापलेल्या प्रतीत ते फार वाईट दिसतात.

आम्ही यात काय करतो: सांधा कुठे तुटलाय ते समासात खूण करून दाखवतो, शब्दांचा गोंधळ आणि चुकलेले क्रमांक काढून देतो. सांध्याचा मजकूर आम्ही लिहून देत नाही, तो तुमच्या संशोधनाचा भाग आहे आणि व्हायवात उत्तर तुम्हाला द्यायचंय. फाईल आणताना सगळी प्रकरणं एकाच वर्ड फाईलमध्ये आणा, सोबत तो प्रत्येक प्रकरणाच्या एकेका वाक्याचा कागद, फोनवर काढलेला फोटो असला तरी चालतो.