कार्ड ब्लॉक केलं, पण यूपीआय चालूच राहिलं

माझा मामेभाऊ डोंबिवलीला राहतो. गेल्या पावसाळ्यात संध्याकाळच्या लोकलमध्ये तो दाराशी उभा राहून फोनवर काहीतरी वाचत होता. मुंब्र्याच्या आसपास गाडी हळू झाली आणि रुळाच्या कडेला उभ्या असलेल्या कुणीतरी त्याच्या हातावर काठी हाणली. फोन खाली पडला, गाडी पुढे निघून गेली. मुंबईत या प्रकाराला ‘फटका गँग’ म्हणतात. त्यातली वाईट गोष्ट अशी की फोन जातो तो हातातून, म्हणजे लॉक उघडलेल्या अवस्थेत.

डोंबिवलीला उतरल्यावर त्याने शेजारच्या प्रवाशाचा फोन मागून घेतला आणि बँकेला फोन लावला. “माझा फोन गेलाय, कार्ड ब्लॉक करा.” पलीकडच्या बाईंनी जन्मतारीख वगैरे विचारून दोन मिनिटांत काम केलं. “झालं सर, तुमचं डेबिट कार्ड कायमचं बंद केलंय.” आता खात्यातले पैसे सुरक्षित, असं धरून तो घरी जाऊन जेवला आणि झोपला. दुसऱ्या दिवशी दुपारी शाखेतल्या मशीनमध्ये पासबुक घातलं, तर आदल्या रात्रीची २,००० रुपये गेल्याची नोंद छापून आली. कार्ड बंद केल्यानंतरची.

बँकेची यात चूक नव्हती. त्याने जे सांगितलं तेच बँकेने केलं. मुळात त्याचं कार्ड गेलंच नव्हतं, ते खिशातल्या पाकिटात होतं. गेला होता फोन, आणि फोनमधलं यूपीआय कार्डावर चालत नाही.

हा गोंधळ बहुतेकांचा होतो, कारण यूपीआय पहिल्यांदा सुरू करताना आपण डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख टाकलेली असते. त्यामुळे यूपीआय ‘कार्डाला जोडलंय’ असं डोक्यात बसतं. प्रत्यक्षात खातं तुमचंच आहे हे पटवण्यापुरतंच कार्ड तिथे लागतं. एकदा यूपीआय पिन ठरला की पैसे थेट खात्यातून जातात आणि ओळख पटते ती तीन गोष्टींवर: बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर, तो नंबर ज्या फोनवर पडताळला तो फोन, आणि पिन. कार्ड कात्रीने कापून टाकलंत तरी यूपीआय चालूच राहतं. तसंच उलटही. यूपीआय बंद केलं म्हणून एटीएममध्ये कार्ड चालायचं थांबत नाही.

आता आधी पाकीट गेलंय असं धरू. फोन तुमच्या हातात आहे. चोराकडे कार्ड आहे, पण पिन नाही आणि ओटीपीही नाही, कारण तो तुमच्याच फोनवर येणार. मग तो काय करू शकतो? कार्डावर वायफायसारखी खूण असेल आणि ती सोय चालू असेल, तर दुकानातल्या मशीनवर नुसतं टेकवून एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत पिनशिवाय खरेदी होते. ही मर्यादा जानेवारी २०२१ पासून आहे, त्याआधी ती २,००० होती. दुसरा धोका परदेशी वेबसाइटींचा. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू ठेवले असतील, तर काही परदेशी साइट ओटीपी न मागता पैसे कापतात. त्यामुळे पाकीट गेल्यावर घाई आहेच, पण काम सोपं आहे. बँकेचं ॲप उघडायचं आणि कार्ड बंद करायचं.

इथे ॲपमध्ये दोन वेगळी बटणं दिसतात आणि घाईत ती सारखीच वाटतात. एक तात्पुरतं बंद करण्याचं. ते स्वतःच पुन्हा चालू करता येतं. पाकीट बहुधा ऑफिसच्या खणात राहिलंय अशी शंका असेल तर हेच वापरावं. दुसरं कायमचं ब्लॉक करण्याचं, बँकेच्या भाषेत ‘हॉटलिस्ट’. ते केलं की पाकीट तासाभरात सापडलं तरी ते कार्ड मेलेलंच राहतं आणि नवं मागवावं लागतं. माझ्या मते शंका असेल तर आधी तात्पुरतं बंद करून मग शांतपणे शोधावं.

स्टेट बँकेचे ग्राहक नोंदवलेल्या नंबरावरून `BLOCK 1234` असा एसएमएस ५६७६७६ ला पाठवून कार्ड बंद करू शकतात (१२३४ च्या जागी कार्डाचे शेवटचे चार आकडे). सोय छान आहे, पण ‘नोंदवलेल्या नंबरावरून’ हे शब्द विसरू नका. फोनच गेला असेल तर ती काही कामाची नाही. तेव्हा १८०० १२३४ किंवा १८०० २१०० या त्यांच्या नंबरांवर दुसऱ्या कुणाच्या फोनवरून बोलावं लागतं. आणि बँकेचा नंबर असतो कार्डाच्या मागे, म्हणजे तोही पाकिटाबरोबर गेलेला. मग लोक तो इंटरनेटवर शोधतात आणि खोट्या कस्टमर केअरच्या तावडीत सापडतात. हा नंबर घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनमध्ये आजच जपून ठेवा.

फोन गेला तर गणित बदलतं. पहिली काळजी सिमची. तुमचा फोन लॉक असला तरी त्यातलं सिम लॉक नसतं. चोराने ते काढून स्वतःच्या फोनमध्ये घातलं की तुमचे ओटीपी त्याला दिसायला लागतात. (ई-सिमवाले यातून सुटतात. साध्या सिमलाही फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन पिन लावता येतो. पण तो तीनदा चुकला तर सिम अडकतं, म्हणून धीराने करा.) तेव्हा पहिला फोन मोबाइल कंपनीला लावायचा आणि नंबर बंद करायला सांगायचं.

पण सिम बंद म्हणजे यूपीआय बंद, हेही धरून चालू नका. ॲप एकदा नोंदवलं गेलं की दर व्यवहाराला एसएमएस लागत नाही, इंटरनेट लागतं, आणि ते वायफायवरूनही मिळतं. म्हणून दुसरा फोन बँकेला. आणि तिथे ‘कार्ड ब्लॉक करा’ असं म्हणायचं नाही. म्हणायचं, “माझा फोन गेलाय, या खात्यावरचं यूपीआय आणि मोबाइल बँकिंग बंद करा.” ज्या ॲपवरून तुम्ही पैसे देता त्या कंपनीलाही कळवा, पण त्यांनी बंद केलं की फक्त त्यांचं ॲप बंद होतं. तेच खातं दुसऱ्या ॲपमध्ये जोडता येतं. बँकेने खात्यावरच बंद केलं की सगळी ॲपं एकदम थांबतात. याच कॉलवर तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

आता मामेभावाचे २,००० कसे गेले ते. पिन चोराला माहीत नव्हता, पण लागलाही नाही. भावाने चहा-रिक्षासाठी ‘यूपीआय लाइट’ सुरू केलं होतं. त्यात ५,००० पर्यंत रक्कम वेगळी ठेवता येते आणि एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होतात. ॲप उघडताना फोनचं लॉक मागण्याची सोय त्याने कटकट म्हणून बंद केली होती. त्या वेळी लाइटमध्ये १,६४० रुपये होते. चोराने ९०० आणि ७०० अशा दोन खरेद्या केल्या, ४० उरले. भावाने शिल्लक कमी झाली की आपोआप २,००० भरले जावेत अशी परवानगी देऊन ठेवली होती, म्हणून ते खात्यातून आले. त्यातून आणखी १,००० आणि ९५० गेले. लाइटचा प्रत्येक लहान व्यवहार पासबुकात उमटत नाही, फक्त भरणा उमटतो. म्हणून पासबुकात एकच ओळ दिसली आणि एकूण ३,५५० गेल्याचं नंतर ॲपमधल्या इतिहासातून कळलं.

फोन आणि पाकीट एकदम गेलं, समजा अख्खी पर्सच गेली, तर प्रकरण दोन्हींच्या बेरजेपेक्षा वाईट होतं. यूपीआय पिन नव्याने ठरवायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदतीची तारीख आणि ओटीपी लागतो. आकडे पाकिटात, ओटीपी सिमवर. काही बँका जोडीला एटीएमचा पिनही मागतात, पण सगळ्या नाही. पाकिटात आधार कार्ड असेल तर आधारच्या ओटीपीचा दुसरा रस्ताही आहे, आणि तो ओटीपीही त्याच सिमवर येतो. म्हणून अशा वेळी आधी सिम, मग एकाच कॉलमध्ये यूपीआय आणि कार्ड दोन्ही. सिम बंद झालं की नवा पिन बनवण्याचे हे दोन्ही रस्ते बंद होतात.

यानंतरची कामं थोडी थांबू शकतात. `android.com/find` वरून किंवा आयफोन असेल तर `icloud.com/find` वरून फोन लॉक करता येतो. फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा ओळख क्रमांक, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करता येतो, पण त्याला पोलीस तक्रारीची प्रत लागते आणि त्याच नंबराच्या नव्या सिमवर ओटीपी यावा लागतो. त्याने हँडसेट निकामी होतो, पैसे वाचत नाहीत. पैसे गेलेच असतील तर १९३० वर किंवा `cybercrime.gov.in` वर लगेच नोंद करा, रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

बँकेला कळवल्याची वेळ लिहून ठेवायला सांगितलं त्यालाही कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने अनधिकृत व्यवहार कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेने सोसायचं. मामेभावाने कळवलं होतं खरं, पण फक्त कार्डाबद्दल. त्याचं यूपीआय बंद करण्याचा शब्द कॉलच्या नोंदीत कुठेच नव्हता, आणि वाद तिथेच अडला.

नवं सिम त्याने दुसऱ्या दिवशी घेतलं. बदललेल्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात, त्यामुळे यूपीआय लगेच जोडता आलं नाही. चौथ्या दिवशी जोडलं, तेव्हा पिन जुनाच चालला. नवं डेबिट कार्ड त्यानंतर आठवड्याने टपालाने आलं.