गाण्यातून भाषेचा ठेका येतो, पण कुठवर?

'रोज गाणी ऐका, भाषा आपोआप जिभेवर बसेल' हा सल्ला सर्रास दिला जातो. त्यात तथ्य आहे, पण गाणी नेमके काय शिकवतात आणि काय शिकवू शकत नाहीत, हे माहीत असेल तरच त्याचा उपयोग होतो. इंग्रजी शिकणारा मराठी माणूस हे त्याचे चांगले उदाहरण आहे.

आपल्या वृत्तांत आपण लघू-गुरू मोजतो, जातींमध्ये मात्रा मोजतो. इंग्रजी पद्यात मोजायचा असतो तो आघात, म्हणजे अक्षरावरचा जोर. ही तीन वाक्ये टाळी वाजवत म्हणून पाहा:

बर्ड्स ईट सीड्स.
द बर्ड्स विल ईट द सीड्स.
द बर्ड्स विल हॅव ईटन द सीड्स.

उच्चारानुसार मोजले तर पहिल्या वाक्यात 3 अक्षरे आहेत, दुसऱ्यात 6 आणि तिसऱ्यात 8. टाळ्या मात्र प्रत्येक वेळी तीनच पडतात: बर्ड्स, ईट, सीड्स. मधली अक्षरे वाढली तरी त्यांना जागा फारशी वाढवून मिळत नाही, म्हणून ती दबतात. तिसऱ्या वाक्यातला 'हॅव' पूर्ण उच्चारायला वेळच उरत नाही; त्यातला 'ह' गळतो, स्वर पुसट होतो आणि 'अव्' एवढेच शिल्लक राहते. मराठी कानाला या पुसट स्वराची सवय नसते. आपण आठही अक्षरांना सारखेच वजन देतो आणि व्याकरण बिनचूक असूनही ऐकणाऱ्याला वाक्य जड वाटते. उलट बाजूने, समोरचा भरभर बोलतो अशी आपली तक्रार असते, तेव्हा बहुतेकदा ही दबलेली अक्षरेच आपल्या कानातून निसटलेली असतात.

बडबडगीत इथे कामाला येते. ठरलेल्या जागी टाळी पडलीच पाहिजे, या सक्तीमुळे जीभ दुबळी अक्षरे आपसूक आखडती घेते. नियम पाठ करून हे साधत नाही. सरावासाठी चारच ओळी घ्या. आधी मजकूर न पाहता नुसत्या ऐका आणि आघातावर टाळी द्या. मग मजकुरात टाळीच्या अक्षरांखाली रेघ ओढा आणि ओळी चाल सोडून, टाळीवर म्हणा. शेवटी टाळीही सोडा आणि बोलण्याच्या सुरात म्हणून त्या ध्वनिमुद्रित करा. मुद्रण ऐकताना 'द' किंवा 'हॅव' रेघ ओढलेल्या शब्दांइतकेच ठळक ऐकू आले, तर ठेका अजून बसलेला नाही. टाळीचा वेग वाढवण्यापेक्षा त्या शब्दांवरचा जोर कमी करा.

पाठांतराला चालीचा उपयोग होतो, हेही तपासले गेले आहे. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी 60 प्रौढांना 15 मिनिटे अनोळखी हंगेरियन वाक्ये शिकवली. गाऊन शिकलेल्यांना ती नुसती बोलून किंवा तालात बोलून शिकलेल्यांपेक्षा जास्त चांगली म्हणता आली. 2014 साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग मोजक्या वाक्यांचा होता. त्यावरून 'गाण्यांनी भाषा येते' असा निष्कर्ष काढता येत नाही.

तान्ह्या मुलांसमोर परभाषेतली गाणी नुसती लावून ठेवण्याच्या खुळाबद्दलही सांगायला हवे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी मंदारिन भाषक माणसे प्रत्यक्ष बोलली आणि खेळली, तेव्हा त्या भाषेतले ध्वनिभेद बाळे ओळखू लागली. तेच साहित्य पडद्यावरून किंवा नुसत्या आवाजातून दिले, तेव्हा काहीच फरक पडला नाही. झोपेत भाषा शिकवण्याच्या जाहिरातींवर तर पैसा घालवूच नये.

आता मर्यादा. चाल ही बोलण्याची लय जशीच्या तशी जपत नाही. दुबळ्या अक्षरावर लांब सूर आला की त्यातला पुसट स्वर ताणून भरीव होतो, आणि तोच उच्चार बोलण्यात उतरला तर चुकीचा ठरतो. म्हणून बोलण्याच्या लयीसाठी संथ, आळवलेल्या गाण्यापेक्षा चालीविना म्हणायचे बडबडगीत बरे. त्यातही टाळ्यांमधले अंतर काटेकोर सारखे असते. प्रत्यक्ष बोलण्यात ते तसे नसते, हे मोजमापांतून स्पष्ट झाले आहे. मंदारिनसारख्या भाषेत अडचण आणखी मोठी आहे, कारण तिथे स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो आणि गाण्याची चाल बहुधा तो चढउतार पुसून टाकते. तशाच कँटोनीज या चिनी भाषेतल्या गाण्यांत मात्र चाल शब्दांच्या सुराशी बरीच जुळवून बांधतात.

शब्दांचे म्हणाल, तर गाण्यातला शब्द आपल्या ओळीत अडकून बसतो. तो आठवायला गाणे पहिल्यापासून म्हणावे लागत असेल, तर तो शब्द अजून आपला झालेला नाही. यमकासाठी वाक्यातला क्रमही उलटा केलेला असतो, तोच बोलताना तोंडी येतो. म्हणून ओळ पाठ झाली की ती मोडा. 'बर्ड्स'च्या जागी 'चिल्ड्रन' घाला, 'सीड्स'च्या जागी 'ॲपल्स', काळ बदला, वाक्याचा प्रश्न करा. 'विल द चिल्ड्रन ईट द ॲपल्स' म्हणतानाही तीनच टाळ्या पडायला हव्यात. दुसऱ्या दिवशी हीच वाक्ये उलटसुलट क्रमाने, चाल न आठवता म्हणून पाहा आणि जिथे अडखळायला होईल तेवढीच पुन्हा टाळीवर घ्या.