निद्रासंगीताच्या दीर्घ व्हिडिओचा मेटाडेटा

झोपताना किंवा ध्यानाला बसताना लावून ठेवायच्या काही तासांच्या संगीत-व्हिडिओला जोडलेला मजकूर: शीर्षक, वर्णन, टॅग, प्रकरणांच्या वेळा आणि भाषेची नोंद. इतर व्हिडिओंच्या मेटाडेटापेक्षा याचे काम वेगळे आहे. ऐकणारा डोळे मिटून पडलेला असतो, पुढे सरकवून पाहणे त्याला नको असते, आणि तिसऱ्या तासाला काय वाजेल हे लावण्याआधीच कळायला हवे असते. म्हणून किती वेळ, कशासाठी आणि कोणती वाद्ये, या तीन गोष्टी मजकुरात नेमक्या याव्यात आणि प्रकृतीबद्दलचे आश्वासन त्यात येऊ नये, असा हा लेखनप्रकार आहे. येथे यूट्यूबवरील रीत घेतली आहे.

यूट्यूबवर शीर्षकाला १०० आणि वर्णनाला ५,००० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना-मात्राही त्या मोजणीत धरल्या जात असल्याने मराठी शीर्षक वाटते त्यापेक्षा लवकर भरते. पडताळणी झालेल्या खात्यावरून १२ तासांपर्यंतचा व्हिडिओ चढवता येतो. खाते पडताळलेले नसेल तर मर्यादा १५ मिनिटांची.

वेळ लिहिणे सर्वांत सोपे वाटते, पण घोळ तिथेच होतो. व्हिडिओची एकूण लांबी छोट्या चित्राच्या कोपऱ्यात आपोआप दिसते, म्हणजे ती माहिती ऐकणाऱ्याकडे आधीच असते. त्याला कळत नाही ते हे, की आठ तासांत मूळ वादन किती आणि जोडलेली आवर्तने किती. आठ तास सलग कोणी वाजवत नाही, आणि पुनरावृत्तीत लपवण्यासारखेही काही नाही. मात्र ती सांगितली नाही आणि जोड नीट मिटलेला नसला, तर ठरावीक वेळाने तोच खटका कानावर येतो. अर्धवट झोपेत तो नेमका ऐकू येतो.

पुढील नमुना बासरी आणि तानपुऱ्याच्या आठ तासांच्या व्हिडिओचा आहे. ४८ मिनिटांचे वादन दहा वेळा जोडले की ४८० मिनिटे, म्हणजे बरोबर आठ तास होतात.

```
८ तास बासरी व तानपुरा, राग बागेश्री | झोपताना ऐकण्यासाठी | निवेदन नाही

मूळ वादन ४८ मिनिटे. तेच १० वेळा जोडले आहे.
बासरी: पांढरी तीन, प्रत्यक्ष वादन. तानपुरा: इलेक्ट्रॉनिक.
तबला नाही, बोलणे नाही. १० मिनिटांनंतर पडदा काळा.

0:00 फक्त तानपुरा
6:00 बासरी, आलाप
48:00 पुन्हा सुरुवातीपासून, दर ४८ मिनिटांनी
7:52:00 आवाज हळूहळू कमी होत थांबतो
```

प्रकरणे दिसण्यासाठी पहिली वेळ 0:00 असावी लागते, किमान तीन वेळांच्या नोंदी चढत्या क्रमाने लागतात आणि प्रत्येक प्रकरण निदान दहा सेकंदांचे असावे लागते. या वेळांचे अंक इंग्रजीत लिहिलेले बरे. शेवटची ओळ अनेक जण गाळतात. खरे तर पहाटे आवाज एकदम तुटणार की विरत जाणार, हे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

वाद्यांच्या बाबतीत नावापेक्षा आवाजाचा उगम सांगणे जास्त प्रामाणिक. ‘तानपुरा’ म्हणजे तारांचा, इलेक्ट्रॉनिक पेटीतला की मोबाइलवरच्या अ‍ॅपमधला? ‘संतूर’ वाजवलेले आहे की कीबोर्डवर नमुना-ध्वनी दाबलेला? त्यात कमीपणा काही नाही, पण फरक कानाला कळतो. स्वर सांगायचा तर काळी दोन, पांढरी तीन ही आपल्याकडच्या मैफिलीतली भाषा सरळ वापरावी. ‘४३२ हर्ट्झ’ हा आकडा मात्र जपून लिहावा. वाद्य खरोखर त्या मापाने मिळवलेले असेल तर ती तांत्रिक नोंद झाली. नुसता शीर्षकात चिकटवलेला आकडा काहीच सांगत नाही, कारण आपल्याकडे षड्ज कलाकाराच्या गळ्यानुसार किंवा वाद्यानुसार ठरतो.

हेतू आणि आश्वासन यांतली सीमा मराठीत शब्दांच्या शेवटांवरूनच उघडी पडते. ‘झोपताना ऐकण्यासाठी’, ‘ध्यानाला बसताना पार्श्वभूमीला’ या रचना वापर सांगतात. ‘ऐकल्याने गाढ झोप लागते’ इथे ‘ने’ने कार्यकारणभाव आणला, आणि ‘पाच मिनिटांत झोप लागणारच’ इथल्या ‘च’ने हमी दिली. म्हणून मजकूर तपासताना ‘साठी’ आणि ‘ताना’ ठेवावेत, ‘मुळे’, ‘ने’ आणि भविष्यकाळी क्रियापदावरचा ‘च’ दिसला की थांबावे. ‘निद्रानाशावर उपाय’, ‘थेरपी’, ‘हीलिंग’ ही नामे क्रियापदाशिवायही तेच सांगतात. ती टॅगमध्ये ढकलल्याने प्रश्न सुटत नाही, कारण शोध घेणाऱ्याला ओढण्यासाठीच ती तिथे घातलेली असतात. शीर्षकात हमी द्यायची आणि वर्णनाच्या तळाशी ‘हा वैद्यकीय सल्ला नाही’ लिहायचे, ही पद्धत फार रूढ आहे आणि तितकीच पोकळ. ती ओळ ‘आणखी’वर टिचकी मारल्याशिवाय दिसतही नाही.

मंत्रजपाच्या व्हिडिओंना भारतात एक कायदेशीर बाजूही आहे. औषधे आणि जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ यातील ‘जादुई उपाय’ या व्याख्येत ताईत आणि कवच यांच्याबरोबर ‘मंत्र’ हा शब्दही आहे, आणि कायद्याच्या परिशिष्टातील आजारांत मधुमेह व रक्तदाब येतात. जप घरी लावायला अर्थातच आडकाठी नाही. ‘या जपाने रक्तदाब बरा होतो’ अशी जाहिरात मात्र या कायद्याच्या कक्षेत येऊ शकते.

हेतू सांगताना निवेदन आहे की नाही हेही लिहावे. योगनिद्रेच्या व्हिडिओत आवाज सूचना देतो, शरीराच्या एकेका भागाकडे लक्ष न्यायला सांगतो. केवळ संगीत हवे असलेल्याला तो अडथळा वाटतो. सूचना पहिल्या वीस मिनिटांत संपून पुढे नुसते वादन असेल, तर तशी वेळ द्यावी. अंगाईचा व्हिडिओ असेल तर ‘मुलांसाठी’ ही खूण विचार करून लावावी लागते, कारण ती लावली की प्रतिक्रिया बंद होतात.

जाहिरातींबद्दल ‘मध्ये एकही जाहिरात नाही’ असे लिहिणे अंगलट येऊ शकते. निर्मात्याने मधल्या जाहिराती लावल्या नाहीत तरी मंच स्वतःहून जाहिरात दाखवू शकतो. ‘आम्ही मधल्या जाहिराती लावलेल्या नाहीत’ एवढेच त्याच्या हातात आहे.

चढवून झाल्यावर चूक सापडली तर मार्ग थोडे. त्याच दुव्यावर नवी फाइल ठेवता येत नाही, आणि यूट्यूबच्या संपादकात सहा तासांहून लांब व्हिडिओ कापून जतन करता येत नाही. वरच्या नमुन्यात मूळ वादनाच्या ३१व्या मिनिटाला घंटेचा टोल राहून गेला, तर तो दहाही आवर्तनांत वाजतो: 31:00, 1:19:00, 2:07:00 आणि पुढे दर ४८ मिनिटांनी. व्हिडिओ काढून नवा चढवायचा नसेल तर ‘दर आवर्तनात ३१व्या मिनिटाला घंटेचा एक टोल आहे’ हे वाक्य वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींत घालावे लागते, आणि वाद्यांच्या यादीत घंटाही.