फ्रेंच अंकगणना : सत्तर ते नव्व्याण्णव, किमती आणि फोन नंबर

फ्रेंच संख्या ६९ पर्यंत सरळ दशमान पद्धतीने चालतात. व्हँ (२०), त्राँत (३०), काराँत (४०), सँकाँत (५०), स्वासाँत (६०) हे दशक आधी येतात आणि एकक नंतर. मराठीत ‘पस्तीस’मध्ये पाच आधी ऐकू येतात, फ्रेंचमध्ये मात्र तीस आधी. फ्रान्समध्ये सत्तर, ऐंशी आणि नव्वद या दशकांना स्वतंत्र नावे नाहीत. त्यामुळे ७० म्हणजे साठ-दहा (स्वासाँत-दीस), ८० म्हणजे चार-वीस (कात्रव्हँ) आणि ९० म्हणजे चार-वीस-दहा (कात्रव्हँ-दीस).

यातील ‘चार-वीस’ हा विसांच्या मोजणीचा अवशेष आहे. आपल्याकडे जुनी माणसे ‘चार विसा’ म्हणत, तोच हा हिशेब. जुन्या फ्रेंचमध्ये १२० साठी सहा-वीस असेही म्हणत. राजा नवव्या लुईने १३व्या शतकात पॅरिसमध्ये ३०० अंधांसाठी स्थापन केलेल्या रुग्णालयाचे नाव आजही ‘कँझ-व्हँ’, म्हणजे पंधरा-वीस, असेच आहे.

सत्तरी आणि नव्वदीत एककांच्या जागी दहा ते एकोणीस या संख्या येतात. ७२ म्हणजे साठ-बारा (स्वासाँत-दूझ), ७५ साठ-पंधरा, ९८ चार-वीस-अठरा (कात्रव्हँ-दीझवीत). म्हणून ११ ते १९ या संख्या अडखळत म्हणणाऱ्याला पुढची सत्तरी आणि नव्वदी कधीच साधत नाही. आधी त्या पक्क्या कराव्यात. ७१ मध्ये ‘आणि’ येतो (स्वासाँत ए ओंझ), ८१ आणि ९१ मध्ये येत नाही. २१ ते २९ मध्ये ‘व्हँ’चा शेवटचा त ऐकू येतो, ८१ ते ९९ मध्ये तो मुका राहतो.

बेल्जियम आणि फ्रेंचभाषक स्वित्झर्लंडमध्ये ७० ला सेप्ताँत आणि ९० ला नोनाँत म्हणतात. ८० ला बेल्जियममध्ये कात्रव्हँच म्हणतात, स्वित्झर्लंडच्या व्हो, व्हाले, फ्रिबूर प्रांतांत मात्र वीताँत. हे शब्द फ्रान्समध्ये समजतात, पण तिथे सहसा कोणी वापरत नाही.

किंमत सांगताना ‘युरो’ हा शब्द दशांशचिन्हाच्या जागी येतो आणि ‘सेंटीम’ सहसा गाळतात. छापील ४,८० (फ्रेंचमध्ये दशांशासाठी स्वल्पविराम असतो) म्हणजे ‘चार युरो ऐंशी’. ‘चार युरो वीस’ आणि ‘चार-वीस युरो’ यांतला फरक फक्त ‘युरो’ कुठे येतो यावर ठरतो. एक ४ युरो २० सेंटीम, दुसरे ८० युरो. फ्रेंचमध्ये ‘युरो’चा उच्चार स्वराने सुरू होतो, त्यामुळे आधीच्या संख्येचे एरवी मुके असलेले अक्षर जोडून उच्चारले जाते : २० युरोत ‘त’, ८० युरोत ‘झ’. २ युरो आणि १२ युरो यांची गल्लत याच जोडणीमुळे होते. दोन (दऽ) एकटे असताना झ नसतो, पण युरोआधी तो येतो आणि ऐकताना बारा (दूझ) वाटतो. फरक उरतो तो स्वराचा. बारामध्ये स्पष्ट ‘ऊ’ असतो. दोनमध्ये ओठ गोल करून ‘ए’ म्हटल्यासारखा आवाज येतो.

फ्रान्समधले फोन नंबर १८ ऑक्टोबर १९९६ पासून दहा आकडी आहेत. ते दोन-दोन आकड्यांच्या पाच जोड्यांत सांगतात, एकेक आकडा नव्हे. मोबाइलची पहिली जोडी ०६ किंवा ०७ असते आणि ती ‘झेरो सीस’, ‘झेरो सेत’ अशी म्हणतात. उदाहरणार्थ ०६ ३९ ९८ ७५ ९१ हा नंबर असा ऐकू येतो : झेरो सीस, त्राँत-नफ, कात्रव्हँ-दीझवीत, स्वासाँत-कँझ, कात्रव्हँ-ओंझ. नवखा माणूस कानावर पडेल तसे लिहीत जातो : ०६, ३९, ८०, १८, ६०, १५, ८०, ११. पाचाऐवजी आठ जोड्या झाल्या, की समजावे, ‘साठ’ किंवा ‘चार-वीस’ ऐकताच घाई झाली.

यावर उपाय म्हणजे ‘स्वासाँत’ ऐकल्यावर ६ आणि ‘कात्रव्हँ’ ऐकल्यावर ८ लगेच न लिहिता पुढचा शब्द येईपर्यंत थांबणे. खंड पडला तर ६० किंवा ८०. लगोलग दहा ते एकोणीसमधले काही आले तर ७ किंवा ९ लिहावा. पाच जोड्यांच्या नंबरात सुटा ‘चार’ येत नाही, कारण तो ‘झेरो कात्र’ म्हटला जातो. त्यामुळे आधी ‘झेरो’ किंवा दशक नसलेल्या ‘कात्र’नंतर लगेच ‘व्हँ’ आले की ती ऐंशी-नव्वदीच असते. परदेशातून लावायच्या नंबरात ३३ या फ्रान्सच्या कोडनंतरचा शून्य गळतो आणि ही खात्री जाते. ‘त्राँत-त्र्वा, कात्र, व्हँत-दऽ’ म्हणजे ३३ ४ २२, त्यात ८२ नाही. अशा वेळी ‘शिफ्र पार शिफ्र’, म्हणजे एकेक आकडा, सांगायची विनंती करावी.