समांतर किरण, शून्याने भागाकार आणि स्लॅब पद्धत

प्रकाशकिरणांचा माग काढून संगणकावर चित्र बनवण्याच्या पद्धतीवर, म्हणजे रे ट्रेसिंगवर, टर्नर व्हिटेड यांनी 1980 मध्ये आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात एक आकडा होता: साध्या दृश्यातही 75 टक्के वेळ किरण कुठल्या वस्तूला लागतो हे शोधण्यात जातो, गुंतागुंतीच्या दृश्यात 95 टक्क्यांहून जास्त. म्हणून वस्तूभोवती आधी एक सोपं आवरण घालायचं आणि किरण त्यालाच चुकला तर आतली वस्तू तपासायचीच नाही, ही युक्ती आली. व्हिटेड यांचं आवरण गोलाचं होतं. पण लांबट किंवा चपट्या वस्तूभोवतीच्या गोलात रिकामी जागाच फार उरते.

1986 मध्ये कॅलटेकचे टिमथी के आणि जेम्स काजिया यांनी स्लॅबची कल्पना मांडली. दोन समांतर प्रतलांमधली जागा म्हणजे एक स्लॅब. असे तीन स्लॅब एकमेकांना काटकोनात छेदले की पेटी तयार होते. किरणाचा उगम o आणि दिशा d धरून त्यावरचा बिंदू o + t·d असा लिहिला, तर प्रत्येक स्लॅबमध्ये तो कोणत्या t ला शिरतो आणि कोणत्या t ला बाहेर पडतो हे एका वजाबाकीने आणि एका भागाकाराने कळतं. तिन्ही प्रवेशांतला सगळ्यात उशिराचा आणि तिन्ही निर्गमनांतला सगळ्यात लवकरचा घ्यायचा. प्रवेश निर्गमनाच्या आधी असेल तर किरण पेटीतून जातो. के आणि काजिया यांचे स्लॅब तिरकेही असू शकत. पुढे रुळली ती अक्षांना समांतर पेटी, कारण तिथे गणित सगळ्यात कमी.

(2, 1, 1) ते (6, 4, 3) अशी पेटी घेऊ. किरण (0, 2, 0) पासून निघतो, दिशा (2, 0, 0.5). x च्या स्लॅबमध्ये तो t = 1 ते 3 असतो, z च्या स्लॅबमध्ये 2 ते 6. y च्या दिशेला मात्र तो हलतच नाही, आणि तिथे भागाकार शून्याने होतो. जुन्या पद्धतीत यासाठी वेगळी अट लिहीत: दिशेचा घटक शून्य असेल तर उगम दोन प्रतलांच्या मध्ये आहे का ते पाहा, नसेल तर किरण चुकला.

ही अट काढता येते, असं ब्रायन स्मिट्स यांनी 1998 मध्ये दाखवलं. संगणकातल्या दशांश संख्यांसाठीच्या 1985 च्या IEEE 754 मानकानुसार शून्येतर संख्येला शून्याने भागल्यावर अनंत मिळतो, प्रोग्रॅम थांबत नाही. आपल्या किरणाला y मध्ये (1−2)/0 = −∞ आणि (4−2)/0 = +∞ मिळतात, म्हणजे या स्लॅबची काहीच आडकाठी नाही. एकूण प्रवेश 2, निर्गमन 3, किरण लागला. उगमाचा y 5 असता तर दोन्ही उत्तरं −∞ आली असती आणि किरण आपोआप चुकला असता. मला हा भाग फार सुंदर वाटतो, कारण भूमितीतली खरी परिस्थिती अनंताच्या चिन्हात जशीच्या तशी उतरते.

पण संगणकात शून्य दोन असतात, +0 आणि −0. जवळचं प्रतल कोणतं हे स्मिट्स यांचा कोड `d >= 0` असं विचारून ठरवत होता. −0 साठीही हे खरंच येतं, पण भागाकार उलट्या चिन्हाचा अनंत देतो. मग प्रवेश +∞, निर्गमन −∞, आणि पेटीच्या मधून जाणारा किरण हुकतो. एमी विल्यम्स, स्टीव्ह बॅरस, कीथ मॉर्ली आणि पीटर शर्ली यांनी 2005 मध्ये यावर उपाय दिला: 1/d आधीच काढून ठेवा आणि चिन्ह त्याचं पाहा.

शेवटची अडचण पेटीच्या पृष्ठावरून सरपटत जाणाऱ्या किरणाची. उगमाचा y बरोबर 1 असेल तर 0 गुणिले अनंत, म्हणजे NaN, ‘संख्याच नाही’ असं उत्तर येतं. NaN शी केलेली `<` किंवा `>` तुलना खोटीच ठरते. x86 प्रोसेसरच्या SSE मधल्या min आणि max सूचना अशा वेळी दुसऱ्या जागी लिहिलेली किंमत परत देतात, त्यामुळे खालच्या प्रतलाचा t1 आणि वरच्याचा t2 धरून प्रवेशासाठी min(t1, t2) लिहिलं तर खालच्या पृष्ठावर min(NaN, ∞) = ∞ येतो आणि किरण चुकतो. वरच्या पृष्ठावर, y = 4 ला, NaN दुसऱ्या जागी असल्याने तोच बाहेर येतो आणि पुढचं वागणं वेगळं होतं. अक्षाला समांतर पाहणाऱ्या ऑर्थोग्राफिक कॅमेऱ्याच्या चित्रात चौकोनी ठोकळ्यांच्या फक्त एकाच बाजूच्या कडेची पिक्सेलची रांग गायब असेल, तर आधी इथेच पाहावं.

```c
tn = (near - o) * inv;  /* inv = 1/d; near, far: inv च्या चिन्हावरून */
tf = (far  - o) * inv;
tmin = tn > tmin ? tn : tmin;
tmax = tf < tmax ? tf : tmax;
```

इथे NaN आला तर आधीची tmin किंवा tmax तशीच राहते, म्हणून दोन्ही पृष्ठं पेटीत धरली जातात. ओळींतला क्रम महत्त्वाचा आहे: `tmin > tn ? tmin : tn` असं उलटं लिहिलं की NaN थेट tmin मध्ये शिरतो आणि x अक्षाने दिलेला प्रवेश पुसला जातो. कंपायलरला -ffast-math हा वेग वाढवणारा पर्याय दिला असेल तर ही हमी राहत नाही, कारण NaN आणि अनंत येणारच नाहीत असं तो धरून चालतो.